कोंकणी कथेचा मराठी अनुवाद तपासताना: न बदललेले शब्द आधी पाहा

प्रश्न: मी फोंड्याजवळ राहते आणि कोंकणी व मराठी दोन्ही वाचते. एका संग्रहासाठी कोंकणी कथेचा मराठी अनुवाद तपासायला माझ्याकडे आला आहे. कथा साधारण सहा हजार शब्दांची, खाजणाच्या काठच्या एका घराची आहे. मराठी इतकी सहज वाटते की मला चुका सापडतच नाहीत, पण सोबतचे परीक्षक म्हणतात की मूळचा सूर हरवला आहे. अचूकता, ओघ, परिभाषा आणि सूर, सगळे कसे तपासायचे आणि निर्णय कसा कळवायचा?

उत्तर:

तुम्हाला दोन्ही भाषा येतात, आणि या कामात अडचण तिथूनच सुरू होते. इंग्रजीतून मराठीत आलेल्या मजकुरात अनुवादक चुकला की वाक्य अवघडते आणि आपण थांबतो. कोंकणीतून मराठीत तसे होत नाही. दोन्हींचे व्याकरण जवळचे, पुष्कळ शब्द सारखे दिसणारे, त्यामुळे चुकीचे वाक्यसुद्धा गुळगुळीत उतरते. शिवाय गोव्यातला वाचक मराठी शब्दाखाली नकळत कोंकणी अर्थ वाचतो आणि त्याला सगळे बरोबरच वाटते. म्हणून पहिले काही दिवस मूळ कथा बंद करून ठेवा.

फक्त मराठी वाचा, शक्यतो छापील प्रतीवर, हातात पेन्सिल घेऊन. दोन प्रकारच्या खुणा करा. भाषा अडखळली तिथे एक, आणि भाषा नीट आहे पण गोष्ट अडखळली तिथे दुसरी. या दुसऱ्या खुणा फार महत्त्वाच्या. समजा, तुमच्या कथेत असे काही असेल: ‘बस गेली. ती पळत राहिली. हात अजून दाराच्या चौकटीवर होता.’ तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत, लयही चांगली आहे. पण पळणाऱ्या बाईचा हात चौकटीवर कसा? आता मूळ उघडा. तिथे बहुधा असेल, ‘बस गेली. ती पळयत रावली. हात आजून दाराचे चौकटीर आशिल्लो.’ कोंकणीतले ‘पळोवप’ म्हणजे पाहणे. ती बाई कुठेही पळाली नाही, ती बघत राहिली. ज्याला कोंकणी येत नाही तो सोलापूरचा किंवा अकोल्याचा वाचक इथे हमखास थांबेल, आपण थांबत नाही. म्हणून असा एक वाचक मिळाला तर त्याला मूळ न देता फक्त अनुवाद वाचायला द्या, आणि ‘कुठे गोष्ट कळली नाही?’ एवढेच विचारा. ‘भाषा कशी वाटली?’ हे विचारू नका, कारण त्याचे उत्तर सहसा सौजन्याचे असते.

दुसरे वाचन मूळ शेजारी ठेवून. आंतरराष्ट्रीय पातळीवर अनुवादसेवेचे जे मानक आहे, २०१५ चे आयएसओ १७१००, त्यातही दुसऱ्या माणसाने मूळ आणि अनुवाद ताडून वाचणे बंधनकारक आहे. नुसता अनुवाद वाचून पाहणे ही तिथे वेगळी आणि ऐच्छिक पायरी आहे. तुमच्यासाठी प्रश्न असा की ताडायचे किती. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, आणि परीक्षक बहुतेक वेळा पहिले पान ताडून मत बनवतात. भाताच्या बाबतीत ते चालते, कारण एकाच आधणातली सगळी शिते एकसारखी शिजतात. अनुवाद तसा शिजत नाही. पहिल्या पानावर अनुवादकाने सर्वांत जास्त मेहनत घेतलेली असते आणि साधारण दोन तृतीयांशावर तो थकलेला असतो. म्हणून मी तीन तुकडे घेतो, प्रत्येकी सुमारे तीनशे शब्दांचे: एक घरातल्या संवादाचा, एक कामाच्या किंवा जागेच्या वर्णनाचा, एक पात्राच्या मनातला. निदान एक तुकडा शेवटच्या तिसऱ्या भागातला हवाच. या नऊशे शब्दांत अर्थ बदलणारी एकही चूक सापडली, तर पूर्ण कथा ताडायची. तुमची कथा सहा हजारांचीच आहे, तेव्हा त्याला दोन बैठका पुरतील.

ताडताना नजर कुठे ठेवायची? आपली नजर स्वाभाविकपणे अनोळखी कोंकणी शब्दांकडे जाते. ‘उजवाड’, ‘भुरगें’, ‘फाल्यां’ यांचे काय केले ते पाहावेसे वाटते. तिथे चुका क्वचितच असतात, कारण अनुवादकही तिथे थांबलेला असतो, त्याने कोश पाहिलेला असतो. चुका असतात त्या ज्या शब्दांना त्याने हातच लावला नाही तिथे. जे शब्द मुळात आणि अनुवादात जवळपास एकसारखे दिसतात, त्यांच्याखाली आधी रेघ मारा.

काही नेहमीचे सांगतो. ‘म्हाका दिसता, तो येवचो ना’ याचे ‘मला दिसते, तो येणार नाही’ होते. कोंकणीतले ‘दिसता’ इथे ‘वाटते’ या अर्थाचे आहे. मराठीत ‘मला दिसते’ म्हटले की पात्राला काहीतरी पुरावा दिसला असा भास होतो, आणि एक हळवी शंका ठाम निरीक्षण होऊन बसते. ‘तो म्हाका बाजारांत मेळ्ळो’ याचे ‘तो मला बाजारात मिळाला’ होते. मराठीत माणूस भेटतो, वस्तू मिळते, आणि ‘मिळाला’ म्हटले की आधी शोध चालू होता असे वाटते. ही वाक्ये इतकी निरुपद्रवी दिसतात की दहा वाचकांतले नऊ पुढे जातात.

यातली सगळ्यांत नाजूक जागा नपुंसकलिंगाची. गोव्याच्या कोंकणीत मुलीला, तरुण अविवाहित स्त्रीला ‘तें’ म्हणतात, त्यात वय आणि माया दोन्ही असते. ‘तें कांयच उलयलें ना’ म्हणजे ती मुलगी काहीच बोलली नाही. अनुवादात ‘ते काहीच बोलले नाहीत’ आले, तर मराठी वाचकाला तिथे एक वडीलधारा पुरुष उभा दिसतो. असे ढळढळीत चुकणारे अनुवादक आता थोडे आहेत. बहुतेक जण ‘ती’ करतात आणि ते बरोबरही आहे. पण मूळ लेखकाने त्याच पात्रासाठी आधी ‘तें’ आणि लग्नानंतर ‘ती’ वापरले असेल, तर त्या एका सर्वनामातून मुलीची बाई झालेली असते. मराठीत सर्वत्र ‘ती’ झाल्यावर हा बदल नाहीसा होतो. सर्वनामात तो आणता येणार नाही हे मान्य, मग अनुवादकाने तो दुसरीकडे कुठे भरून काढला आहे का, हे पाहा. आधी तिला घरच्या लाडाच्या नावाने आणि नंतर पूर्ण नावाने हाक मारली, एवढे केले तरी पुरते. तसे काही सापडले नाही, तर ती उणीव नोंदवा, पण चूक म्हणून नव्हे. भाषेने न दिलेल्या गोष्टीसाठी अनुवादकाला शिक्षा करायची नसते.

गळलेला मजकूर शोधायला सोपी युक्ती आहे. प्रत्येक परिच्छेदातली वाक्ये दोन्हीकडे मोजा. संख्या वेगळी असणे हा दोष नाही, अनुवादक वाक्ये जोडतो, तोडतो. पण जिथे दोन वाक्यांची तफावत आहे तिथे बघितलेच पाहिजे. शब्द अडला की वाक्य गाळायचे, ही सवय चांगल्या अनुवादकांनाही असते.

आता परिभाषा. तुमची कथा खाजणाकाठची, म्हणून माझ्या हातून घडलेली चूक इथे सांगतो. अनेक वर्षांपूर्वी एका अनुवादात मी वाक्य वाचले: ‘ओहोटी लागली आणि मनाचे दार आपोआप उघडले.’ मला ते फार आवडले. समासात मी ‘सुंदर’ असे लिहिलेसुद्धा. पुढे छपाईच्या आधी मूळ ताडताना दिसले, ‘सुकती लागली आनी मानशीचें दार आपशींच उकतें जालें.’ मानस म्हणजे खाजणाच्या बांधातली पाणी आत-बाहेर करणारी वाट, आणि तिचे लाकडी दार. भरतीचे पाणी बाहेरून रेटते तेव्हा ते दार मिटते आणि खारे पाणी शेतात येत नाही. ओहोटीला आतले पाणी बाहेर रेटते, तेव्हा ते आपोआप उघडते. त्या कथेत पुढे हेच दार अडकते, खारे पाणी आत शिरते आणि भातशेती जाते. अनुवादात सुरुवातीलाच मानस मन झाल्यामुळे शेवटी शेत का बुडाले ते वाचकाला कळणारच नव्हते. तेव्हापासून अनुवादातले एखादे वाक्य मला विनाकारण फार काव्यमय वाटले, की मी आधी मूळ उघडतो.

तुमच्या कथेत हा शब्द असण्याची दाट शक्यता आहे. तो मराठीत कसा आणावा? माझे मत असे की ‘मानस’ तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येतो तिथे वाक्यातच एक छोटा तुकडा घालावा, ‘बांधातल्या मानशीचे लाकडी दार’ असे. तळटीप नको, कथेत ती वाचकाला बाहेर काढते. काही अनुवादक रायगडकडच्या खारजमिनीतला ‘उघाडी’ हा शब्द सुचवतात. वस्तू जवळपास तीच, पण कथा गोव्यातून उचलून दुसऱ्या किनाऱ्यावर ठेवल्यासारखी होते. नुसते ‘झडप’ म्हटले तर अर्थ चुकत नाही, मात्र ती यंत्राची वाटते. यांतला कुठला पर्याय घेतला यापेक्षा तो शेवटपर्यंत तोच ठेवला का, हे आधी तपासा. एका कागदावर कथेतले दहा-बारा खास शब्द लिहा आणि प्रत्येकासमोर अनुवादात आलेली सगळी रूपे लिहा. एकाच मानशीला कुठे मानस, कुठे झडप, कुठे दरवाजा म्हटले असेल, तर वाचक तीन वेगळ्या वस्तू समजतो.

त्याच कागदावर जमिनीचे शब्द लिहायला विसरू नका. ‘भाट’ म्हणजे माडांची, झाडांची बागायत. मराठी वाचकाला भाट म्हणजे स्तुती गाणारा. ‘मुंडकार’ याचे ‘कूळ’ केलेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि ही साधी शब्दनिवड नाही. मुंडकार भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवरच्या घरात राहतो, त्याचे संरक्षण १९७५ च्या मुंडकार कायद्यात आहे. कूळ जमीन कसते, त्याचा कायदा १९६४ चा, शेतजमिनीच्या कुळवहिवाटीचा. एकच माणूस दोन्ही असू शकतो, पण कथेतली भीती घर जाण्याची असेल आणि अनुवादात तो कूळ झाला असेल, तर महाराष्ट्रातला वाचक शेत जाण्याची भीती वाचेल. ‘भाडेकरू’ तर त्याहून वाईट, कारण मग भाडे थकले असेल असे वाटू लागते. इथे मूळ शब्द ठेवणे हाच मार्ग.

उलट ‘शीत’ ठेवून चालणार नाही. कोंकणीत ‘शीत’ म्हणजे ताटातला शिजलेला भात, आणि ‘भात’ म्हणजे शेतातले, कणगीतले सालीसकटचे धान्य. मराठीत ‘शीत’ हा एक दाणा. ‘तो शीत जेवला’ असे ठेवले, तर तो उपाशी राहिला असा अर्थ निघेल.

सुराकडे येतो, कारण तुमच्या सहपरीक्षकांची तक्रार तीच आहे आणि ती पडताळून पाहता येते. सूर हरवला असे वाटते तेव्हा बहुधा दोनपैकी एक झालेले असते. एकतर साध्या शब्दाची जागा भारदस्त शब्दाने घेतलेली असते, किंवा स्थानिक रंग राखायच्या हौसेने मूळ शब्द तसाच ठेवून त्याचा दर्जा बदललेला असतो. ‘उदक दी मात्शें’ हे कोंकणीत तहानलेला माणूस रोज म्हणतो. मराठीत ‘जरा उदक दे’ म्हटले की समोर ताम्हन-पळी दिसते. अक्षर तेच राहिले आणि सूर पार बदलला, इथे निष्ठा ‘पाणी’ म्हणण्यात आहे. तसेच ‘म्हजी बायल’. कोंकणीत ते सरळ, घरगुती आहे. मराठीत ‘माझी बाईल’ म्हणणारा माणूस खडूस किंवा जुन्या काळातला वाटतो. अशा एका शब्दाने कथेतला प्रेमळ नवरा वाचकाच्या मनातून उतरतो.

संवादात ‘तूं’ आणि ‘तुमी’ यांची एक वेगळी यादी करा. गोव्यातल्या पुष्कळ घरांत मुले वडिलांना ‘तूं’ म्हणतात आणि त्यात अनादर नसतो. ‘पाय, तूं जेवलो?’ असे ख्रिस्ती घरातली मुलगी बापाला विचारते. याचे ‘बाबा, तुम्ही जेवलात का?’ केले की घर एकदम पुण्याच्या वाड्यात जाते, आणि ‘बाबा, तू जेवलास?’ केले तर काही वाचकांना ती मुलगी उद्धट किंवा अगदी आजच्या शहरातली वाटेल. दोन्हींना किंमत आहे, मी बहुधा ‘तू’च्या बाजूने असतो. परीक्षक म्हणून मात्र तुमचे काम वेगळे आहे. मुळात कोण कोणाला कधी तूं म्हणतो आणि कुठे बदलतो, हे कागदावर उतरवा. भांडणाच्या प्रसंगी ती मुलगी अचानक ‘तुमी’ म्हणाली असेल, तर त्या एका शब्दात तिने दार लावून घेतले आहे. अनुवादात आधीपासूनच ‘तुम्ही’ असेल, तर त्या प्रसंगी लावायला दारच उरत नाही. असा दोष एका वाक्याचा नसतो, संपूर्ण नात्याचा असतो, आणि तुकडे ताडून तो कधीच सापडत नाही.

काही जण अनुवाद पुन्हा कोंकणीत करवून मुळाशी जुळवतात. ‘पळत’चे ‘धांवत’ होऊन परत येईल आणि चूक उघडी पडेल, इथपर्यंत ती पद्धत उपयोगी आहे. पण ‘उदक’ परत ‘उदक’ होऊनच येईल आणि सगळे बरोबर दिसेल. सुरासाठी तिचा उपयोग नाही.

आता निर्णय. तांत्रिक मजकुरासाठी एक रूढ पद्धत आहे, तीत किरकोळ चुकीला १, मोठीला ५ आणि घातक चुकीला २५ असे दोषगुण धरतात. कथेसाठी मी ती बेरीज अंतिम मानत नाही, पण वजनांचा क्रम उपयोगी पडतो. वरच्याच उदाहरणांवर पाहू. नऊशे शब्दांत सात-आठ शुद्धलेखनाच्या चुका आणि तीन अवघडलेली वाक्ये असतील, तर ते सगळे किरकोळ, संपादक एका दुपारी दुरुस्त करेल. ‘मला मिळाला’ मोठी. ‘पळत राहिली’ही मोठी, कारण प्रसंगाचा अर्थ उलटतो. ‘मनाचे दार’ घातक, कारण कथेचा शेवटच त्यावर उभा आहे. ती चूक अकरा वेळा आली तरी एकदाच धरा. एकाच अज्ञानाची अकरा वेळा वजाबाकी केली, तर बाकीचे चांगले काम दिसेनासे होते.

आकड्यांपेक्षा मी एका प्रश्नाला जास्त महत्त्व देतो: ही नजरचूक आहे की माहीत नसणे? याचे उत्तर तोच शब्द इतरत्र पाहून मिळते. ‘पळयत’ चार ठिकाणी ‘पाहत’ आले आहे आणि एकाच ठिकाणी ‘पळत’, तर ती नजरचूक, दुरुस्ती सुचवून अनुवाद स्वीकारा. पण ‘दिसता’ सगळीकडेच ‘दिसते’ आले असेल, तर अनुवादकाला तो अर्थ माहीतच नाही, आणि मग तुमच्या नजरेतून सुटलेल्या जागीही तसेच काही असणार. अशा वेळी चांगल्या कोंकणी वाचकासोबत बसून पूर्ण कथा पुन्हा ताडल्याशिवाय स्वीकारू नका.

कळवताना प्रत्येक नोंदीत चार गोष्टी द्या: मुळातले वाक्य, अनुवादातले वाक्य, वाचकाला त्यातून काय कळते, आणि तुमची सूचना. तिसरी गोष्ट सगळ्यांत आवश्यक. ‘इथे सूर गेला’ असे लिहिले, तर अनुवादक काय करणार? ‘इथे मुलगी बापाशी परक्यासारखी बोलते असे वाटते, मुळात ती तशी फक्त भांडणात बोलते’ असे लिहिले, की त्याला काम करता येते. स्वतःच्या आवडीच्या नोंदी वेगळ्या कागदावर ठेवा. एखादा शब्द का बदलायचा याचे कारण मुळातल्या शब्दाकडे किंवा वाचकाच्या समजुतीकडे बोट दाखवून देता येत नसेल, तर ती आवड आहे, आणि अनुवादकाने ती नाकारली तर वाईट वाटून घेऊ नये.

सोबतच्या परीक्षकांनाही हेच विचारा. सूर हरवला असे त्यांना ज्या तीन जागी सर्वांत जास्त वाटले, त्या पानांवर खुणा करून द्यायला सांगा, आणि तुमच्या ‘तूं-तुमी’च्या यादीशी त्या जुळवून पाहा.